हायब्रिड स्लॉट: मेमरी कार्ड की दुसरं सिम?

> ट्रेमध्ये सिमची आणि कार्डची खूण आहे, मग दोन्ही एकदम का बसत नाहीत?

कारण दुसरा खण एकच आहे. त्यात सिमच्या आणि कार्डच्या पिना वेगवेगळ्या असतात, पण जागा तीच. म्हणूनच सिमची चिप सोलून कार्डावर चिकटवायचा जुगाड काही फोनमध्ये चालतो. माझ्या सांगलीच्या मावसभावाने तो केला. महिनाभर चाललं, मग जाडी वाढल्याने ट्रे आत अडकला. ओढून काढताना पिना वाकल्या आणि दुसरं सिम दिसेनासं झालं.

फोनमध्ये ई-सिम असेल तर एक नंबर त्यावर घ्या, खण कार्डाला मोकळा होतो. नसेल तर दोन्ही सिम ट्रेमध्येच ठेवा आणि मेमरी कार्ड रीडरमध्ये घालून ओटीजीने फोनला लावा. फोटो हलवायला पुरतं, मात्र ते सतत लटकवून फिरणं जमत नाही.