मदत हवी आहे: ग्राहकाच्या स्टोअरमध्ये माल आपणच भरायचा प्रस्ताव

आम्ही भोसरीतून एका मशीन बनवणाऱ्या कंपनीला नट-बोल्ट पुरवतो. दर वेळी पीओची वाट न पाहता आमच्या माणसाने आठवड्यातून एकदा त्यांच्या स्टोअरमध्ये जाऊन बिन भरावेत, असा प्रस्ताव देतोय.

एम8 बोल्टचा रोजचा खप 400. सहा कामाचे दिवस आणि दोन दिवस राखीव धरून खालची पातळी 3200. मोजणीत त्याखाली दिसला की 5600 पर्यंत भरायचा. यावर त्यांचं स्टोअर राजी आहे.

घोडं अडलंय ते पैशांवर. परचेसवाले म्हणतात, आम्ही वापरू तेवढंच बिल; तोवर माल तुमचा. चलनावर ठेवलेल्या मालाचं बिल सहा महिन्यांत करावंच लागतं, हे त्यांना मान्य आहे. पण लाइनवरचे लोक स्लिप न फाडता मूठभर बोल्ट उचलतात, त्यामुळे चाचणीच्या मोजणीत पुस्तकापेक्षा बिनमध्ये कायम कमीच निघाले. स्टोअरकीपरच्या सहीचा मोजणी-तक्ता सुरू केला, तरी फरक कुणाचा हे ठरेना. बिन कुलूपबंद करणं त्यांना चालणार नाही.

असा करार केलेल्यांनी सांगा: बिल स्लिपवर लावता की बिनमधल्या मोजणीवर? आणि डिझाइन बदलून पडून राहिलेला माल उचलायची जबाबदारी कोणावर, किती मुदतीची लिहून घेतलीत?