मदत हवी आहे: आत्याच्या शेअर्सचा लाभांश बाबांच्या २६एएसमध्ये दिसतोय

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. प्रश्न आमच्या आत्याचा आहे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली, वय ६७, मिरजेत एकटी राहते. निवृत्तीनंतर हातात आलेल्या पैशातून तिने एका कंपनीचे शेअर्स घेतले. तेव्हा बँकेतली माणसं म्हणाली की एकट्या बाईने कशाला, भावाचं नाव घाला. डीमॅट खातं संयुक्त निघालं आणि पहिलं नाव पडलं माझ्या बाबांचं. पैसे मात्र पूर्ण आत्याचे, तिच्या पासबुकात रक्कम गेल्याची नोंद आहे. लाभांशही दोघांच्या जोडखात्यात येतो आणि तिथून ती तो स्वतः वापरते.

ऑगस्ट २०२४ मध्ये ४८,००० रुपये लाभांश झाला. कंपनीने १० टक्के म्हणजे ४,८०० कापले. आयकर खात्याच्या २६एएस या करकपातीच्या उताऱ्यात ती कपात बाबांच्या पॅनवर, एआयएस या उत्पन्नाच्या माहितीच्या उताऱ्यात पूर्ण ४८,००० त्यांच्या नावावर. आत्याच्या स्टेटमेंटमध्ये काहीच नाही. बाबा २० टक्क्यांच्या टप्प्यात आहेत, म्हणजे त्यांनी दाखवलं तर उपकर धरून ९,९८४ कर, आणि आणखी ५,१८४ भरा. आत्याला मात्र पेन्शन धरूनही कर बसत नाही, तिला ४,८०० परत मिळायला हवेत. हे तिच्या नावावर कसं आणायचं?

सरोज_मिरज

सोपं आहे भाऊ. बाबांच्या एआयएसमध्ये त्या नोंदीवर क्लिक करा, फीडबॅकमध्ये `Information relates to other PAN/Year` निवडा, आत्यांचा पॅन टाका, झालं. आमच्या यजमानांचं मी असंच केलं. आणि पुढच्या वर्षी कर बसत नाही असं सांगणारा फॉर्म १५एच आत्यांकडून देऊन टाका, कपातच होणार नाही.

कृष्णाकाठचा_कारकून

सरोजताई, तुमच्या यजमानांचा लाभांश छोटा असावा, कपात झाली नसावी. तिथे फीडबॅक पुरतो. इथे पुरणार नाही.

विश्रामबागकर, एआयएसमध्ये नीट बघा. त्याच लाभांशाच्या दोन नोंदी सापडतील. एक `SFT-015`, कंपनीने कळवलेली लाभांशाची माहिती. दुसरी `TDS-194`, कापलेल्या कराची. फीडबॅक दिलात तर सरकारला एवढंच कळतं की हे उत्पन्न बाबांचं नाही. द्यायला हवाच, नाहीतर बाबांनी रक्कम लपवली असं दिसेल. पण ४,८०० चं क्रेडिट त्याने हलत नाही. ते कंपनीने आपल्या तिमाही विवरणात, २६क्यूमध्ये, ज्या पॅनवर लिहिलं त्याच पॅनवर राहतं, आणि ते बदलण्याचा अधिकार फक्त कंपनीला आहे.

यासाठी आयकर नियम ३७बीए, त्याचा उपनियम २ आहे. ज्याच्या नावाने कर कापला, त्याने, म्हणजे बाबांनी, कंपनीला डिक्लेरेशन द्यायचं. त्यात आत्यांचं नाव, पत्ता, पॅन, कोणत्या लाभांशाबद्दल आहे ते आणि क्रेडिट त्यांना का द्यायचं त्याचं कारण. कारण एका वाक्यात लिहा: शेअर्स पूर्णपणे बहिणीच्या पैशातून घेतले, लाभांशाची मालक तीच. ते मिळाल्यावर कंपनी कपात आत्यांच्या पॅनवर दाखवते आणि प्रमाणपत्रही त्यांच्याच नावाने निघतं.

१५एच इथे चालणार नाही. कंपनीच्या लेखी लाभांश घेणारा पहिला धारक, त्यामुळे फॉर्म त्याचा लागतो. बाबांना कर बसतो, ते १५एच देऊ शकत नाहीत.

आबा_तासगाव

माझ्या वडिलांच्या नावावर जुने कागदी शेअर्स आहेत, वडील वारले, दुसरं नाव माझं आहे. लाभांश अडकलाय. हेच डिक्लेरेशन द्यायचं का?

कृष्णाकाठचा_कारकून

आबा, तुमचं वेगळं. मयत धारकाचं नाव कमी करून घ्यायचं असतं, मृत्यूचा दाखला लावून, कंपनीच्या भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडे. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

विश्रामबागकर

कारकूनकाका, मनापासून आभार. पण लाभांश गेल्या ऑगस्टमधला. जुलै ते सप्टेंबर तिमाहीचं विवरण ३१ ऑक्टोबरपर्यंत जातं ना? मग आता कंपनी कशी बदलणार?

कृष्णाकाठचा_कारकून

करेक्शन विवरण भरून बदलता येतं. पण त्यासाठी कंपनीला स्वतःहून काम करावं लागतं, आणि बऱ्याच कंपन्या टाळतात. वार्षिक सभेआधी भागधारकांना जी लांबलचक ईमेल येते, तिच्यात कर-कागदपत्रांची शेवटची तारीख असते. तिच्या आत डिक्लेरेशन गेलं तर पहिल्याच विवरणात नाव बरोबर लागतं. तारीख उलटली की विनंती करत बसायचं. तरी रजिस्ट्रारला आणि कंपनी सेक्रेटरीला दोघांनाही मेल करा, फोलिओ नाही तर डीपी आयडी-क्लायंट आयडी लिहा, आत्यांच्या पासबुकाचं पान आणि खरेदीची नोंद जोडा.

विवरणपत्रात हे असं बसतं. बाबांच्या आयटीआर-२ मधल्या टीडीएसच्या तक्त्यात ४,८०० त्यांच्या नावावर कापलेले दिसतील. त्यांनी स्वतःच्या रकान्यात शून्य ठेवायचं आणि दुसऱ्या व्यक्तीच्या हातातल्या रकान्यात उत्पन्न ४८,०००, कर ४,८०० आणि आत्यांचा पॅन घालायचा. आत्यांनी उलट करायचं: क्रेडिट दुसऱ्या व्यक्तीशी संबंधित, पॅन बाबांचा, टॅन कंपनीचा, आणि ४८,००० इतर उत्पन्नात दाखवायचे. इथे एक अडचण हमखास येते. आत्या आतापर्यंत आयटीआर-१ भरत असतील, पण कर दुसऱ्याच्या नावाने कापलेला असेल तर आयटीआर-१ चालत नाही. त्यांनाही आयटीआर-२ लागेल.

हिशेबनीस_सातारा

मी सीएच्या ऑफिसात आहे. कारकूनकाकांचं बरोबर, पण व्यवहारात आम्ही पाहतो की कंपनीने दुरुस्ती केली नाही तर आत्यांच्या २६एएसमध्ये काही नसतं. मग विवरणपत्र तपासून आयकर खातं पाठवतं त्या १४३(१) च्या सूचनेत क्रेडिट कापून येतं. त्यापेक्षा या वर्षी बाबांनीच दाखवून ५,१८४ भरले तर डोकेदुखी वाचेल.

कृष्णाकाठचा_कारकून

मला ते पटत नाही. उत्पन्न ज्याचं त्याच्याच विवरणात गेलं पाहिजे. आज बाबांनी स्वतःचं म्हणून दाखवलं, तर उद्या शेअर्स विकताना नफा आत्यांचा म्हणणार कसे? सूचना आलीच तर डिक्लेरेशनची प्रत आणि मेलची पोच घेऊन दुरुस्तीचा अर्ज करता येतो. मात्र तो मंजूर होईलच अशी हमी मी देणार नाही. कंपनीने दुरुस्ती केली तरच काम पक्कं.

विश्रामबागकर

बाबांनी सही केली, दोन्हीकडे मेल गेले. रजिस्ट्रारचं उत्तर आलं की मागच्या वर्षाचं कंपनीला विचारून कळवतो, या वर्षाचं डिक्लेरेशन मुदतीत असल्यामुळे घेतलं आहे. म्हणजे यंदाची कपात आत्याच्या पॅनवर येईल.

एक विचारायचं राहिलं. डीमॅटमध्ये आत्याचं नाव पहिलं करून घेता येईल का?

कृष्णाकाठचा_कारकून

त्याच खात्यात क्रम उलटा होत नाही. आत्या पहिल्या धारक असलेलं नवं डीमॅट उघडा आणि स्लिप भरून शेअर्स तिकडे हलवा. स्लिपवर कारण काय लिहायचं ते तुमच्या डीपीकडून लेखी घ्या, कारण मोबदल्याशिवाय हलवलेलं असूनही विक्री म्हणून नोंदलं गेलं तर नवीन गोंधळ. आणि मागच्या वर्षाचं कंपनी काय म्हणते ते इथेच कळवा, हिशेबनीसांचं म्हणणं खरं ठरतं की माझं, ते मलाही बघायचंय.