मदत हवी आहे: परिसेविका झालेल्या ताईंसाठी चार ओळी

आमच्या वॉर्डातल्या सिनियर स्टाफ नर्स परिसेविका झाल्या. 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' कुणालाही चालतं, म्हणून कार्डावर हे लिहिलंय:

"ताई, मनापासून अभिनंदन! ड्युटी बदलताना तू कधी टेबलावर बसून ओव्हर दिली नाहीस. प्रत्येक खाटेपाशी नेऊन सलाईन, युरिन बॅग दाखवलीस. इमर्जन्सी ट्रॉलीतल्या अ‍ॅड्रिनलिनची एक्सपायरी तपासायची सवय मला तुझ्यामुळे लागली. आता ती सगळ्या वॉर्डाला लागेल, याचा फार आनंद आहे."

कार्ड सगळ्यांसमोर वाचलं जाणार आहे. शेवटचं वाक्य बाकीच्या सिस्टरांना टोचेल का? त्याजागी काय लिहू? आणि एरवी मी त्यांना 'तू' म्हणते, पण आता त्या इनचार्ज आहेत. कार्डात 'तुम्ही' करू का?