फुगलेल्या गालांचं मांजर: रुसवा की राग?

गोवावेसची ताई: माझी आठ वर्षांपासूनची मैत्रीण खानापूरला असते. रविवारी तिला न सांगता आम्ही चौघी गोकाकच्या धबधब्याला गेलो आणि फोटो ग्रुपवर टाकले. तिचं एकच उत्तर आलं: गाल फुगवलेलं, भुवया वाकड्या केलेलं तांबडं मांजर. खाली एक शब्द नाही. नवरा म्हणतो चेष्टा केलीय, मला वाटतंय रागावली. असली रागीट चित्रं कुणी मायेनं पाठवतं का?

नेहरूनगरवाला: राग म्हणजे राग, ताई. तांबडं तोंड जगात कुठंही रागाचंच. त्यासाठी युनिकोड नावाचं प्रमाण ठरलेलं आहे, ज्यानं त्यानं आपापला अर्थ लावायचा नसतो. २०१८ ला व्हॉट्सॲपनं ही स्टिकरं आणली आणि माणसांनी दोन ओळी लिहायचंच सोडलं.

शहापूरची चितारी: दादा, युनिकोडचा दाखला तुम्हीच दिलात म्हणून सांगते. ते तांबडं तोंड 😡 तिथं `POUTING FACE` या नावानं नोंदलंय, म्हणजे ओठ काढून रुसलेलं. `ANGRY FACE` म्हणून नोंदलेलं 😠 वेगळंच आहे. आणि नाकातून वाफा सोडणारं 😤 तर कागदावर विजयी मुद्रेचं आहे! नाव ठरवणाऱ्यांनी एक ठरवलं, लोकांनी दुसरंच केलं. स्टिकरंही २०१८ ची नव्हेत. जपानात लाइन ॲपवर ती २०११ पासून आहेत.

आता ताईंचं मांजर. मी असली चित्रं काढते, त्यामुळे ते कसं बनतं ते ठाऊक आहे. त्यात राग फक्त भुवयांत असतो, बाकी सगळं बाळाचं. डोकं जवळजवळ अर्ध्या अंगाएवढं, डोळे मोठे आणि चेहऱ्यावर खाली, गाल गोल, हात म्हणजे बोटं नसलेले दोन गोळे. लहान बाळ बघून आपण का विरघळतो याची अशीच कारणं कोनराड लोरेन्झ या प्राणी-अभ्यासकानं १९४३ मध्ये मांडली होती. अशा अंगावर राग चढवला की तो अंगापेक्षा मोठा दिसतो. मूठ आवळलीय, पण त्या मुठीनं माशीसुद्धा मरायची नाही. म्हणून हसू येतं.

मी एकदा असल्याच एका मांजराला दात काढले होते. भाचीला दाखवलं तर म्हणाली, "आत्ती, हे चावणार." दात पुसले, डोळे थोडे खाली सरकवले, गाल फुगवले. भुवया तशाच ठेवल्या. मग तीच म्हणाली, "हे रुसलंय, त्याला चॉकलेट दे."

चिक्कोडीचा बाबू: आमच्याकडं हे चित्राशिवायच चालतं की ओ. जिवलग दोस्ताला "कुठं मेलायस ले?" म्हटल्याशिवाय बोलणं सुरूच होत नाही. तो 'ले' कन्नडातला, पण आमच्या मराठीत घरचा झालाय. तोच 'ले' बसच्या कंडक्टरला लावून बघा, पुढच्या स्टॉपवर उतरवेल. आठ वर्षांपासूनची मैत्रीण ते मांजर पाठवते म्हणजे 'ले'च म्हणतेय. उलट ती "बरं झालं, मजा करा" असं लिहिती तर मी घाबरलो असतो.

निपाणीचे काका: ही स्टिकरं काढून टाकायची कशी? माझा मोबाईल भरलाय.

शहापूरची चितारी: काका, हलत नसलेलं एक स्टिकर १०० केबीच्या आत बसवावं लागतं आणि एका पॅकमध्ये जास्तीत जास्त ३०. म्हणजे अख्खा पॅक तीन एमबीच्या आसपास. तुमचा मोबाईल लग्नाच्या व्हिडिओंनी भरलाय, मांजरांना नावं ठेवू नका.

खानापूरची मास्तरीण: मी ताईंची मैत्रीण नव्हे, हे आधी सांगते, गाव एकच असलं तरी. पण तिच्या जागी मी होते. मला खरंच लागलं होतं, आणि सरळ लिहायला जीभ रेटेना, म्हणून असलंच गोंडस अस्वल पाठवलं. पलीकडून काय यावं? कान पकडलेला ससा. मग हसणारं बदक. मग चौघींची चार बदकं. माझा राग त्या चित्रांतच संपवून टाकला सगळ्यांनी, आणि मीच हसरं तोंड पाठवून मोकळी झाले. तुम्ही म्हणता मुठीनं माशी मरत नाही. हेच तर दुखणं आहे. ज्याला खरंच मूठ आपटायची आहे त्यालाही तुम्ही बोटं नसलेले गोळे देता.

शहापूरची चितारी: बाई, हे मला खोडता येत नाही. चित्र रागाची धार काढतं, आणि कुणाला ती धारच हवी असेल तर ते उपयोगाचं नाही. माझं म्हणणं एवढंच की रुसवा आणि राग दोन वेगळ्या गोष्टी. रुसणाऱ्याला समजूत काढणारा हवा असतो, म्हणून तो तोंड फिरवतो पण खोलीतून जात नाही. रागावलेला जातो. मांजर कुठल्या जातीचं हे चित्रावरून नाही, त्याच्या मागंपुढं काय आलं त्यावरून कळतं.

ताई, जुनं चॅट वर सरकवून बघा. तेच मांजर तिनं आधी कधी पाठवलंय आणि त्याच्या मागोमाग काय लिहिलंय?

आणि एक क्षुल्लक वाटेल असं विचारते: तुमच्या फोनची पाटी काळी आहे का? घरगुती बनवलेल्या स्टिकरांना बऱ्याचदा पांढरी किनार नसते. गडद पाटीवर काळ्या रेघा बुडतात. गालांचा गोलवा जातो, कान जातात, उरतात ते डोळे आणि तांबडा डाग. माझ्या पहिल्या पॅकची अशीच वाट लागली होती. म्हणून आता मी चित्राभोवती आठ पिक्सेलची पांढरी रेघ मारतेच.

नेहरूनगरवाला: म्हणजे मैत्री टिकवायला आता पिक्सेल मोजायचे. बरं, ते रुसलेल्या तोंडाचं मान्य. पण मास्तरीणबाईंचं ऐकून माझं मूळचं म्हणणं पक्कं झालं: लिहा.

चिक्कोडीचा बाबू: तुम्ही बायकोला लिहून देता काय राग आला की?

नेहरूनगरवाला: ती मला लिहून देते.

गोवावेसची ताई: पाटी काळीच आहे, पण किनार आहे, गाल नीट दिसतात. जुनं चॅट बघितलं. हे मांजर तिनं मला बऱ्याचदा पाठवलंय. मी दिवाळीला उशिरा फोन केला तेव्हा, तिच्या वाढदिवसाला विसरले तेव्हा. दर वेळी मिनिटाभरात खाली काहीतरी आहेच: "मर तिकडंच", "ये आता, चहा ठेवलाय", "बोलू नको माझ्याशी, फोन कर". या वेळी खाली काहीच नाही. आणि आधीची सगळी मांजरं मला एकटीला आलेली, हे ग्रुपवर.

खानापूरची मास्तरीण: बघा.

चिक्कोडीचा बाबू: ग्रुपवर सगळ्यांसमोर कशाला लिहील ती? त्यावरून काही ठरत नाही.

शहापूरची चितारी: ठरत नाही हे खरं. पण शेपूट तुटलंय, तेवढं दिसतंय. स्टिकरला स्टिकरनं उत्तर देऊ नका, तिथं चार बदकं तयारच बसलेली असतील. तिला एकटीला फोन करा.

गोवावेसची ताई: केला. उचलला नाही. पाच मिनिटांनी तेच मांजर आलं, या वेळी मला एकटीला, आणि खाली "कुंदा आणलास तर दार उघडीन". शनिवारी मिठाईचा डबा घेऊन खानापूरची बस धरते. नवरा म्हणतोय, बघ, चेष्टाच होती.

खानापूरची मास्तरीण: कुंदा न्या. पण धबधब्याला तिला का नेलं नाही, ते ती विचारायच्या आधी तुम्हीच सांगा.