धुक्याचा पट्टा अचानक का लागतो

"रस्ता स्वच्छ होता आणि एकदम पांढरी भिंत. असं का?"

निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन लवकर निवते आणि थंड, जड हवा सखल भागात साचते. तिथे नदी किंवा पाणी दिलेली शेतं असली की धुकं नेमकं तिथेच धरतं. पुणे-सातारा रस्त्यावर नीरेच्या पुलाजवळ जानेवारीत पहाटे मला हेच भेटलं. मागे चांदण्या दिसत होत्या, उतार संपला आणि पुढचा ट्रकही दिसेना. तेव्हापासून थंडीत उतार-पूल आला की मी आधीच वेग उतरवतो.

हाय बीम लावा म्हणणाऱ्यांशी मात्र मी असहमत आहे. तो प्रकाश थेंबांवरून परतून डोळ्यांवरच येतो. फॉग लाइट खाली बसवलेला असतो, झोत रुंद आणि आडवा, त्यामुळे निदान कडेची पांढरी रेघ दिसते. लांबचं तोही दाखवत नाही. ओल्या रस्त्यावर ताशी ८० वेगाने गाडी थांबायला साधारण ८० मीटर लागतात, ५० ने ४०. दिसतंय ५० मीटर, तर ताशी ४०च्या वर जाऊच नका. आणि पुढच्याच्या लाल दिव्यांना चिकटून जाणं थांबवा, तो कशाला धडकला तर तुम्हाला ब्रेकलाइटसुद्धा दिसणार नाही.