मदत हवी आहे: सगळ्या तपासण्या पास, तरी १/२ चा घोळ कसा पकडायचा?

अ‍ॅटवुड यंत्र, पण कप्पीला वस्तुमान आहे: m₁ = 3, m₂ = 2, भरीव तबकडी M = 2 किलो. दोरी घसरत नाही, घर्षण नाही. माझ्याकडे दोन उत्तरं आहेत:

a = (m₁−m₂)g/(m₁+m₂+M/2), म्हणजे 1.63 मी/से²

a = (m₁−m₂)g/(m₁+m₂+M), म्हणजे 1.40 मी/से²

एककं दोन्हींत जुळतात. m₁ = m₂ घेतलं की शून्य, अदलाबदल केली की फक्त चिन्ह बदलतं, M → 0 ला नेहमीचं सूत्र, M → ∞ ला शून्य. चाळणीतून दोन्ही सुटतात! तबकडीचं I = MR²/2 म्हणून पहिलं बरोबर, हे कळतं; दुसरं कड्याचं आहे. पण परीक्षेत, गणित पुन्हा न सोडवता, मिनिटभरात हा गुणक पकडणारी एखादी टोकाची स्थिती आहे का, की ऊर्जेचं समीकरण मांडण्यावाचून गत्यंतर नाही?