लॅरिंजायटिस, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय: मॅनेजरला रजेचा मेल कसा लिहू?

निळी_शाई:
मदत हवी आहे. मी ग्राहक सेवेत आहे, शिफ्टचा बहुतेक वेळ फोनवरच जातो. आवाज पूर्ण बसलाय. आज, सोमवारी 10 तारखेला, डॉक्टरांनी तपासून लॅरिंजायटिस सांगितला. उद्यापासून 3 दिवस अजिबात बोलायचं नाही, पुढचे 4 दिवस गरजेपुरतंच आणि 17 तारखेला संध्याकाळी पुन्हा दाखवायचं. शनिवार-रविवार मला सुट्टी असते. मेल असा लिहिलाय:

"सर, घसा खराब असल्याने काही दिवस ऑफिसला येऊ शकणार नाही. कृपया रजा मंजूर करावी."

अडचण अशी की कोणी रजा टाकली की आमचे मॅनेजर लगेच फोन करतात. फोन उचलणार नाही हे उद्धट न वाटता कसं कळवू? आणि चॅटवरचं काम करते असं आपणहून सांगावं का?

रजा_रजिस्टर:
मी एचआरमध्ये आहे, असे मेल रोज बघते. "घसा खराब" वाचून समोरच्याच्या डोळ्यासमोर साधी सर्दी येते. "काही दिवस" वाचून शिफ्ट लावता येत नाही, म्हणून तो फोन करतो. म्हणजे फोन येण्याचं निम्मं कारण मेलमध्येच आहे. तारखा आणि पुढची तपासणी लिहिलीत की विचारण्यासारखं फारसं उरत नाही.

दुसरं म्हणजे तुमचे 7 दिवस एकसारखे नाहीत. मंगळवार 11 ते गुरुवार 13 पूर्ण मौन, म्हणजे सरळ आजारपणाची रजा. त्यानंतरच्या 4 दिवसांतले शनिवार-रविवार सुट्टीत जातात, म्हणजे कामाचे शुक्रवार 14 आणि सोमवार 17 एवढेच उरतात. त्या दोन दिवसांचं वेगळं विचारा. सरसकट "आठवडाभर रजा" लिहिलंत तर 5 रजा खर्ची पडतील, कदाचित 3 पुरल्या असत्या.

असा लिहा:

> विषय: आजारपणाची रजा, 11 ते 13 तारीख (लॅरिंजायटिस, बोलण्यास मनाई)
>
> सर,
> मला लॅरिंजायटिस झाला आहे. स्वरयंत्राला सूज असल्याने डॉक्टरांनी 11 ते 13 तारखेपर्यंत पूर्ण मौन पाळायला सांगितले आहे. या 3 दिवसांची आजारपणाची रजा मंजूर करावी, ही विनंती. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.
>
> 14 ते 17 तारखेपर्यंत अगदी गरजेपुरतेच बोलण्याची परवानगी आहे, त्यामुळे 14 आणि 17 ला मला कॉल घेता येणार नाहीत. या दोन दिवशी चॅट किंवा ईमेलवरचे काम देता आले तर मी करू शकेन, अन्यथा त्या दिवसांचीही रजा धरावी. 17 ला संध्याकाळी पुन्हा तपासणी आहे. कॉल कधीपासून घेता येतील ते त्याच रात्री मेलने कळवेन.
>
> या काळात फोनवर बोलता येणार नाही. काही तातडीचे असल्यास मेसेज करावा, मी लेखी उत्तर देईन. माझ्याकडच्या अपूर्ण तक्रारींची यादी, प्रत्येकीच्या सद्यस्थितीसह, खाली दिली आहे.

फोनचं वाक्य शेवटच्या परिच्छेदात मुद्दाम ठेवलंय. सुरुवातीलाच "फोन करू नका" लिहिलं की हुकूम सोडल्यासारखं वाटतं. आधी कारण वाचून झालं की तेच वाक्य सहज पटतं.

मधला_मार्ग:
यादीची कल्पना चांगली आहे, ती दिलीच पाहिजे. पण इतकं ताणायची गरज नाही. कुजबुजत बोललं की घशावर ताण येत नाही. मीटिंगला हळू आवाजात हजर राहीन असं लिहा, मॅनेजरही खूश राहतील.

स्वरयंत्र_आणि_मी:
आवाजाच्या रुग्णांना थेरपी देणं हे माझं काम आहे, म्हणून थांबवतो. कुजबुजीचा सल्ला बहुतेकांना महागात पडतो. ऐकू जावं म्हणून माणूस गळ्याचे स्नायू आवळून हवा ढकलतो आणि ताण साध्या बोलण्याइतका, कधी त्याहून जास्त पडतो. 14 तारखेपासून बोलायची वेळ आलीच तर नेहमीच्या सुरात, मऊ आवाजात, हाताच्या अंतरावरच्या माणसाशी, एक-दोन वाक्यं. फोन टाळायचा, कारण लाइन खराब असली की नकळत आवाज चढतो.

साध्या बोलण्यातही स्वरतंतू सेकंदाला शंभराहून जास्त वेळा एकमेकांवर आदळतात. सुजलेले असताना ते नीट मिटत नाहीत, म्हणून माणूस जोर लावतो आणि त्या जोराने सूज उतरायला आणखी वेळ लागतो. खाकरण्यानेही तेच होतं. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घ्या किंवा नुसता आवंढा गिळा.

मेलमध्ये "हळू बोलू शकेन" हे शब्द अजिबात नकोत. ते एकदा लिहिलंत की मीटिंगचं आमंत्रण आलंच म्हणून समजा.

मधला_मार्ग:
कुजबुजीचं माहीत नव्हतं, मागे घेतो. पण चॅटचं काम आपणहून देऊ करू नये यावर मी ठाम आहे. आजारी माणसाने रजा घ्यावी, संपलं.

रजा_रजिस्टर:
पहिल्या 3 दिवसांपुरतं पूर्ण मान्य, त्या दिवसांत कामाचा शब्दही काढू नये. 14 आणि 17 बद्दल मात्र तब्येत आणि शिल्लक रजा बघून त्यांनीच ठरवावं. ताप किंवा अंगदुखी असेल तर चॅटचं वाक्य काढा आणि 5 दिवसांची रजा मागा.

खडू_फळा:
मी शिक्षक आहे. माझा आवाज 5 आठवडे घोगरा आहे, दुखत वगैरे नाही, रोज वर्ग घेतोय. मलाही असाच मेल चालेल का? किती दिवसांची रजा लिहू?

स्वरयंत्र_आणि_मी:
तुमची गोष्ट वेगळी आहे, मेलआधी तपासणी करा. साधा लॅरिंजायटिस बहुतेकदा विषाणूमुळे होतो आणि एक-दोन आठवड्यांत उतरतो. आवाज 4 आठवड्यांनंतरही घोगरा असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरतंतू बघून घ्यायलाच हवेत. दुखत नाही म्हणून थांबू नका, स्वरतंतूंवर गाठ असली तरी ती बहुधा दुखत नाही. किती रजा लागेल ते त्यानंतरच कळेल. श्वास घेताना घरघर, गिळायला त्रास किंवा थुंकीत रक्त, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. निळी_शाई, हे तुम्हालाही लागू आहे.

निळी_शाई:
ताप नाही, म्हणून चॅटचं वाक्य ठेवते. पण आता प्रमाणपत्र नीट वाचलं तर त्यावर फक्त "3 दिवस विश्रांती" लिहिलंय. बोलण्याचा उल्लेखच नाही.

रजा_रजिस्टर:
मग ते आजच बदलून घ्या. त्या कागदावरून 14 तारखेला तुम्ही कॉलसाठी तंदुरुस्त ठरता. डॉक्टरांना सांगा की काम फोनवर बोलण्याचं आहे आणि दोन ओळी मागा: "11 ते 13 पूर्ण मौन" आणि "14 ते 17 बोलण्याचे काम देऊ नये, 17 ला पुनर्तपासणी". बोलता येत नाही, तेव्हा हेच चिठ्ठीवर लिहून दवाखान्यात द्या. मेल त्यासाठी अडवून ठेवू नका. आज रात्रीच पाठवा आणि "सोबत जोडले आहे" ऐवजी "उद्या दुपारपर्यंत पाठवते" लिहा.

स्वरयंत्र_आणि_मी:
17 ला डॉक्टरांना आणखी एक विचारा: पहिल्या दिवशी किती वेळ कॉल घ्यायचे? मौनानंतर एकदम पूर्ण शिफ्ट बोललं की संध्याकाळपर्यंत आवाज पुन्हा बसतो, हे नेहमी बघतो. पहिले दोन दिवस अर्धी शिफ्ट कॉल आणि अर्धी लेखी काम, असं काही ते लिहून देतील तर बरं.

निळी_शाई:
मेल गेला, प्रमाणपत्राचं सकाळी बघते. अर्ध्या शिफ्टचं आमच्याकडे कोणी मान्य केल्याचं ऐकलेलं नाही. कुणाच्या ऑफिसात असं झालं असेल तर मेलमध्ये ते कसं मांडलं होतं, ते लिहा.